पंपाला किती टाकायचं? कीटकनाशकाच्या बाटलीसोबतचं पत्रक कसं वाचावं

जुलै-ऑगस्टमध्ये विदर्भातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्राच्या काउंटरशी थोडा वेळ उभं राहा. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येईल: "भाऊ, पंपाले किती टाकू?" उत्तरही ठरलेलं असतं: "टाका एक झाकण." बाटली पिशवीत जाते. तिच्यासोबतचं घडी घातलेलं पातळ पत्रक बहुतेक वेळा खोक्यातच राहतं आणि खोकं धुऱ्यावर फेकलं जातं.

यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या खरिपात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली आणि शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. तेव्हापासून दर पावसाळ्यात "लेबल वाचा, मगच फवारा" अशी पत्रकं निघतात. सल्ला बरोबर आहे. पण लेबल वाचूनही शेतकऱ्याच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, कारण 'पंपाला किती' हे त्यात लिहिलेलंच नसतं. ते आपल्याला काढावं लागतं. कसं काढायचं, ते एकाच औषधावर नीट करून पाहू. कपाशीवरच्या रसशोषक किडींसाठी खेड्यापाड्यांत सर्रास विकलं जाणारं इमिडाक्लोप्रिड 17.8 टक्के एसएल घेऊ.

## बाटलीवर नाव कुठलं वाचायचं?

बाटलीवर सगळ्यात मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीने ठेवलेलं विक्रीचं नाव. ते बाजूला ठेवा. त्याच्या खाली बारीक अक्षरात खरं नाव असतं, इमिडाक्लोप्रिड 17.8% एसएल. यातलं इमिडाक्लोप्रिड म्हणजे किडीला मारणारं मूळ रसायन. त्याला पत्रकात 'सक्रिय घटक' म्हणतात. बाटलीत बाकी जे असतं, ते हे रसायन विरघळवून ठेवणारं द्रव्य.

17.8 टक्के हे प्रमाण वजनाचं आहे. हा द्रव पाण्यापेक्षा जड असल्यामुळे एका लिटरमध्ये सक्रिय घटक साधारण 200 ग्रॅम भरतो. एसएल म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळणारा द्रव. ईसी लिहिलं असेल तर ते तेलकट द्रावण असतं आणि पाण्यात टाकलं की दुधाळ होतं. डब्ल्यूपी म्हणजे पाण्यात मिसळायची भुकटी, डब्ल्यूजी म्हणजे पाण्यात मोडणारे दाणे. भुकटी आणि दाणे तळाशी बसतात, म्हणून फवारताना पंप मधूनमधून हलवावा लागतो. एसएलला तो त्रास नाही.

हे आकडे आणि अक्षरं पाहायची, कारण हेच इमिडाक्लोप्रिड 70 टक्के डब्ल्यूजी या रूपातही मिळतं. त्याची कपाशीवरची शिफारस हेक्टरी 30 ते 35 ग्रॅम इतकीच आहे, आणि 17.8 टक्केवाल्याची 100 ते 125 मिली. दोन्हीतून वावरात पडणारा सक्रिय घटक जवळपास सारखाच. मागच्या वर्षीचा आकडा डोक्यात ठेवून यंदा दुसऱ्या रूपातलं औषध घेतलं आणि तेवढंच मापलं, तर तिप्पट-चौपट मात्रा पडते. विक्रीचं नाव वेगळं असल्यामुळे हे लक्षातही येत नाही.

## हेक्टरचा आकडा एकरावर कसा आणायचा?

पत्रक उघडलं की आत एक तक्ता असतो. कापसाची ओळ शोधा. डावीकडे किडींची नावं असतील: मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी. पुढच्या रकान्यात सक्रिय घटक 20 ते 25 ग्रॅम. त्यापुढे औषध 100 ते 125 मिली, मग पाणी 500 ते 700 लिटर आणि शेवटी 40 दिवस. सक्रिय घटकाचा रकाना शास्त्रज्ञांसाठी आहे, तो सोडून द्या. आपल्या कामाचे रकाने औषध, पाणी आणि दिवस हे तीनच.

या रकान्यांवर 'प्रति हेक्टर' असं लिहिलेलं असतं. सगळ्यात मोठी चूक होते ती इथेच. आपला सगळा व्यवहार एकरात चालतो, त्यामुळे 100 मिली वाचलं की हात आपोआप ते एकराला लावतो. त्यात बाटलीही नेमकी 100 मिलीची मिळते. 'एकराला एक बाटली' हा हिशेब असाच तोंडात बसला आहे.

हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर. म्हणून पत्रकातला आकडा अडीचने भागायचा. औषध एकरी 40 ते 50 मिली येतं आणि पाणी 200 ते 280 लिटर. ज्यांना भागाकार नको वाटतो त्यांच्यासाठी सातबारा आहे, कारण त्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्येच असतं. दोन एकराच्या तुकड्यावर 0.81 लिहिलेलं असेल. 100 ला 0.81 ने गुणा, 81 मिली. 125 ला गुणा, 101 मिली. म्हणजे ती 100 मिलीची बाटली दोन एकरांची आहे, एका एकराची नाही.

## मग पंपाला किती?

इथे पाण्याचा प्रश्न येतो, आणि तो दुकानदाराला सोडवता येत नाही. दुकानात बसून त्याला तुमची कपाशी गुडघ्याएवढी आहे की छातीएवढी ते दिसत नाही. तुमचं नोझल किती झिजलंय आणि तुम्ही किती भरभर चालता, हेही त्याला ठाऊक नसतं. एकराला किती पंप लागतील हे या तीन गोष्टींवर ठरतं.

आमटीत तिखट माणसांच्या हिशेबाने पडतं. पातेलं मोठं घेतलं म्हणून कुणी तिखट वाढवत नाही, पाणी जास्त झालं तर आमटी पातळ होते एवढंच. एकरी मात्रा म्हणजे ते तिखट. पाणी फक्त ते सगळ्या पानांपर्यंत नेतं. आता 'पंपाला एक झाकण' या हिशेबात काय होतं ते पाहा. इथे तिखट पातेल्यांवर मोजलं जातं. जो जास्त पंप मारेल त्याच्या वावरात जास्त औषध जाईल, मग गरज असो वा नसो.

म्हणून आधी पंप मोजा. 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद असा चौकोन आखला की तो एक गुंठा होतो. पंपात नुसतं पाणी भरा आणि नेहमीच्या चालीने, नेहमीच्या नोझलने तेवढा गुंठा फवारा. मग पंप पुन्हा काठोकाठ भरायला किती पाणी लागलं ते मापाने बघा. समजा पावणेचार लिटर लागलं. एकरात 40 गुंठे, म्हणून 40 ने गुणा: 150 लिटर, म्हणजे 15 लिटरचे 10 पंप. हंगामात हे दोनदा करावं लागतं, एकदा कपाशी लहान असताना आणि एकदा ती दाटल्यावर. दाट पिकात हाच आकडा सहज 13 पंपांवर जातो.

आता औषध. पत्रकाच्या मर्यादेत राहून जास्तीत जास्त दाट द्रावण किती होऊ शकतं? जास्तीची मात्रा आणि कमीत कमी पाणी घ्या. 125 मिली 500 लिटरमध्ये, म्हणजे लिटरला पाव मिली. कृषी विद्यापीठाच्या पत्रकांत '10 लिटर पाण्यात 2.5 मिली' असं जे लिहिलेलं असतं, ते हेच. 15 लिटरच्या पंपाला त्यातून पावणेचार मिली येतात.

यावरून एकराचा ताळा करून पाहू. लहान कपाशीला 10 पंप लागले तर साडेसदतीस मिली पडले. चाळीसच्या जरा खाली आहे, पण पानंच कमी असताना तेवढं पुरतं. दाटलेल्या कपाशीला 13 पंप लागले तर पावणेएकोणपन्नास मिली, पन्नासच्या आत. दोन्ही वेळा हिशेब जुळला. पंपांची संख्या वाढून एकरी मात्रा पन्नासच्या वर जायला लागली, तर पंपामागचं औषध कमी करायचं.

आता झाकणाचं पाहू. झाकणांची मापं बाटलीगणिक वेगळी असतात, पण 10 मिलीचं झाकण नवलाचं नाही. 13 पंपांना 13 झाकणं, म्हणजे एका एकरात 130 मिली. पत्रकात अख्ख्या हेक्टराला जास्तीत जास्त 125 सांगितलेत.

## पॉवर पंपाला तिप्पट टाकायला सांगतात, ते का?

कृषी विभागाच्या सल्ल्यात 'पॉवर पंपासाठी औषधाची मात्रा तीनपट करावी' असं वाक्य असतं. ते चुकीचं नाही, पण त्यातला पॉवर पंप म्हणजे पेट्रोल इंजिनचा, हवेच्या झोताने धुक्यासारखा बारीक फवारा उडवणारा पंप. त्याला पाणी फार कमी लागतं. समजा एकराला 60 लिटर लागलं. लिटरला पाव मिलीऐवजी पाऊण मिली टाकलं तर एकरात 45 मिली पडतात. म्हणजे एकरी मात्रा तिप्पट झाली नाही, फक्त पाणी कमी असल्यामुळे द्रावण दाट झालं.

चार्जिंगचा पंप या हिशेबात येत नाही. त्याला बॅटरी आहे म्हणून तो 'पॉवर पंप' होत नाही. त्याचं पाणी हाताच्या पंपासारखंच लागतं. त्यात तिप्पट टाकलं तर दाट कपाशीत एकराला जवळपास 146 मिली जातात. हा गोंधळ गावोगाव आहे, आणि सल्ला लिहिणाऱ्यांनी 'पेट्रोलचा पंप' एवढे दोन शब्द घातले असते तर तो बराच टळला असता.

पेट्रोलच्या पंपाची दुसरी बाजू माणसाची आहे. तिप्पट दाट द्रावणाचे अगदी बारीक थेंब हवेत तरंगतात, नाकात जातात आणि घामेजलेल्या अंगावर बसतात. 2017 मध्ये यवतमाळला कपाशी डोक्याएवढी वाढली होती, हवा दमट होती, दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती आणि बारीक फवारा उडवणारे पंप हाती आले होते. त्या उंचीच्या पिकात फवारणारा माणूस स्वतःच्याच फवाऱ्यातून चालत असतो. कपाशी छातीच्या वर गेली की हा पंप बाजूला ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे, मग मजुरी थोडी जास्त पडली तरी चालेल.

## एवढे थोडे थेंब मापायचे कसे?

पावणेचार मिली झाकणाने मापता येत नाहीत, हे खरंच. मेडिकलमधून 10 मिलीची सुई नसलेली सिरिंज आणा, तिच्यावर लाल रंग लावा आणि ती औषधाच्या पेटीतच कुलुपात ठेवा. घरातल्या कुठल्याही कामाला तिचा पुन्हा उपयोग करायचा नाही.

त्याहून सोपी रीत अशी. आठ पंपांचं औषध एकदाच मापा. आठ गुणिले पावणेचार, बरोबर 30 मिली. एका मापाच्या भांड्यात हे औषध घ्या आणि पाणी घालून 800 मिलीपर्यंत आणा. आता प्रत्येक पंपाला या द्रावणातून 100 मिली. पंप आधी अर्धा पाण्याने भरायचा, त्यात हे 100 मिली ओतायचे आणि मग उरलेलं पाणी. एसएल पूर्ण विरघळत असल्यामुळे पहिल्या आणि आठव्या पंपात सारखंच औषध जातं. भुकटीच्या औषधाला ही रीत वापरली तर दर वेळी ओतण्याआधी ढवळावं लागतं. केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा, आणि ते कधीही पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत ठेवू नका. तहानलेला माणूस रंगावरून ओळखत नाही.

या रीतीचा खरा फायदा हिशेबापेक्षा हाताचा आहे. बाटलीतला द्रव पंपातल्या द्रावणापेक्षा चार हजार पट दाट असतो. आठ वेळा बाटली उघडायच्या ऐवजी ती एकदाच उघडली, तर धोक्याची वेळ एकावर आली. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा सगळ्यात गरजेचा आहे तो या दोन मिनिटांसाठी. बरेच जण नेमकं उलटं करतात: उघड्या हाताने औषध मापतात, काडीने नाहीतर हातानेच ढवळतात, आणि मग तोंडाला रुमाल बांधून वावरात शिरतात.

"रबरी हातमोजे घालून दिवसभर फवारणी होत नाही, उकडतं" ही तक्रार खोटी नाही. दुपारी दोनच्या उन्हात प्लास्टिकचा अंगरखा घालणं शक्य नाही, आणि घाम आला की कातडीतून औषध आत जाणंही वाढतं. म्हणून उपाय वेळेत शोधावा लागतो: सकाळी दव सुकल्यावर किंवा चारनंतर, वारा मंद असताना. वारा पाठीमागून किंवा बाजूने येऊ द्यायचा आणि ज्या ओळी फवारून झाल्या त्यात परत शिरायचं नाही, कारण ओल्या पानांनी मांड्या भिजतात. पाठीवर गळणारा पंप असेल तर बाकीची सगळी काळजी वाया जाते. त्याचा वायसर आधी बदला. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही, काडीनेही टोकायचं नाही, जुना दातांचा ब्रश खिशात ठेवायचा.

आणि खर्रा. फवारणी करताना खर्रा चोळून तोंडात टाकणं म्हणजे तळहातावरचं औषध स्वतःहून गालात ठेवणं. साबणाने कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय पुडी उघडायची नाही.

## लाल त्रिकोण म्हणजे जास्त जालीम, असं ना?

बाटलीवर एका टोकावर उभा केलेला चौकोन असतो. त्याचे दोन त्रिकोण केलेले असतात. वरच्यात इशारा आणि खालच्यात रंग. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे अति विषारी, निळा मध्यम आणि हिरवा त्या मानाने सौम्य. लालावर कवटी आणि हाडंही असतात.

पण हा रंग किडीसाठी नाही. तो माणसासाठी आहे. प्रयोगशाळेत उंदरांवर पाहिलेलं विषारीपण त्यात सांगितलेलं असतं. औषध किडीवर किती चालेल याचा त्याच्याशी काही संबंध नाही. मोनोक्रोटोफॉसवर लाल त्रिकोण आहे तो ते अळीला जास्त मारतं म्हणून नव्हे, तर ते अगदी थोडं अंगात गेलं तरी माणसाला धोक्यात घालतं म्हणून. दुकानात "लालवालं द्या, पक्कं मरते" असं ऐकू येतं, तेव्हा त्या वाक्यात रंग उलटा वाचलेला असतो. हिरवा रंगही 'निर्धोक' सांगत नाही. आपल्या कीटकनाशक नियमांत लेबलवर सुरक्षिततेचे वाढवून केलेले दावे छापायला मनाई आहे.

## लेबलच्या मात्रेने कीड मरत नाही, त्याचं काय?

हा आक्षेप सगळ्यात जोराने घेतला जातो, आणि तो अनुभवातून येतो. तुडतुडे इमिडाक्लोप्रिडला दाद देत नाहीत असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. कारण असं की वर्षानुवर्षं तेच औषध मारल्यावर ज्या किडी त्यातून वाचल्या, त्यांचीच पिल्लं पुढे वाढली. अशा किडीवर मात्रा दुप्पट केली तर थोड्या जास्त मरतात, पण उरतात त्या आणखी चिवट असतात.

औषध बदला, पण विक्रीचं नाव बदलून उपयोग नाही. थायमेथोक्झाम आणि ॲसिटामिप्रिड ही इमिडाक्लोप्रिडच्याच गटातली, निओनिकोटिनॉइड म्हणून ओळखली जाणारी औषधं आहेत. किडीच्या मज्जासंस्थेवर ती एकाच जागी काम करतात. दुकानदाराला सरळ विचारायचं, "गट वेगळा आहे का?" आणि औषध मारण्याआधी पानाच्या खालच्या बाजूला पाहायचं. कपाशीत तुडतुड्यांसाठी पानामागे सरासरी दोन पिल्लं ही फवारणीची पातळी मानतात. एखाददुसरी दिसली म्हणून पंप उचलायचा नसतो.

दोन-तीन औषधं आणि वर विद्राव्य खत असं एकाच पंपात मिसळण्याबद्दल पत्रकात काही लिहिलेलं नसतं, म्हणजे परवानगी आहे असा अर्थ काढू नका. तशी मिसळ कुणी तपासलेली नसते. विषबाधा झाली तर डॉक्टरलाही नेमकं काय अंगात गेलं हे कळत नाही.

## शेवटच्या रकान्यातले 40 दिवस

हा प्रतीक्षा काळ. शेवटची फवारणी आणि वेचणी यांच्यात निदान इतके दिवस जायला हवेत. इमिडाक्लोप्रिड 17.8 टक्के कपाशीवर मारलं तर 40 दिवस. रसशोषक किडी बहुतेक पहिल्या दोन-अडीच महिन्यांत येतात आणि वेचणी त्यानंतर बऱ्याच काळाने असते, त्यामुळे कापसात हा आकडा अडचणीचा होत नाही.

अडचण असते कपाशीच्या आतल्या भाजीची. तासांच्या मधे चवळी, धुऱ्यावर अंबाडी, कोपऱ्यात भेंडीची चार झाडं. निंदायला गेलेल्या बायका संध्याकाळच्या भाजीपुरतं तिथूनच तोडून आणतात. ते पीक तक्त्यात कापसाच्या ओळीत नाही, त्याची मोजणी कुणी केलेली नाही, आणि फवारा मात्र त्याच्यावरही पडलेला आहे. फवारणीच्या आधी ती भाजी तोडून घ्या आणि घरातल्यांना फवारणीचा दिवस सांगा. धुऱ्यावरचं गवत बैलांना टाकतानाही हेच लक्षात ठेवा.

विकायच्या भाजीपाल्यात हा रकाना खरोखर गळ्याशी येतो. भेंडीच्या अळीसाठी इमामेक्टिन बेंझोएट 5 टक्के एसजीचा प्रतीक्षा काळ 5 दिवस आहे, आणि भेंडी तर एक दिवसाआड तोडावी लागते. पाच दिवस थांबलं तर शेंगा जून होऊन माल पडून राहतो. तोडणी झाल्या झाल्या संध्याकाळी फवारायचं आणि पुढच्या एक-दोन तोड्यांचा माल बाजारात न नेता फेकायचा, हाच पत्रकाप्रमाणे चालायचा मार्ग. तो तोटा कुणाला सोसवत नाही हे मला माहीत आहे. म्हणूनच कमी दिवसांचं औषध निवडताना तक्त्याचा शेवटचा रकाना आधी पाहायचा आणि किंमत नंतर.

## बाधा झालीच तर

पत्रकाच्या शेवटी विषबाधेची लक्षणं आणि उतारा दिलेला असतो. शेतकऱ्याने तो पाठ करायची गरज नाही, पण पत्रक डॉक्टरच्या हातात पडायला हवं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस अशा ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या औषधांत डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, लाळ आणि घाम सुटतो, छाती भरून येते, आणि त्यावर ॲट्रोपिन देतात. इमिडाक्लोप्रिडला असा खास उतारा नाही. तिथे लक्षणं पाहून उपचार करतात. इमामेक्टिनच्या पत्रकात तर झोपेच्या काही औषधांपासून सावध राहायला डॉक्टरला सांगितलेलं असतं. बाटली न पाहता सगळ्यांना एकच उपचार, असं इथे चालत नाही.

डोकं जड झालं, मळमळलं, डोळ्यांपुढे अंधारी आली की पंप तिथेच उतरवायचा. भिजलेले कपडे काढून अंग साबणाने धुवायचं, सावलीत कुशीवर झोपवायचं आणि 108 ला फोन करायचा. उलटी करवायची नाही, विशेषतः ईसी औषधात, कारण तेलकट द्रव फुफ्फुसात शिरला तर दुसरंच संकट उभं राहतं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडाने काहीच द्यायचं नाही, दूध किंवा ताकही नाही.

अक्षरं इतकी बारीक असतात की चाळिशी ओलांडलेल्या माणसाला पत्रक वाचवत नाही, ही तक्रार अगदी योग्य आहे. खोकं उघडल्याबरोबर पत्रकाचा मोबाइलवर फोटो काढा, कापसाची ओळ आणि उताऱ्याचा परिच्छेद दोन्ही दिसतील असा. मोठं करून वाचता येतं. फवारणीला मजूर लावला असेल तर तोच फोटो त्याच्या आणि त्याच्या घरच्यांच्या मोबाइलवरही पाठवून ठेवा. दवाखान्यात त्याला घेऊन जाणारे बहुतेक वेळा तेच असतात.